अक्कांची पुस्तिका आणि तिसरी फेरी

“दुरुस्तीचे पैसे? अन् ते बी तिसऱ्या फेरीपासून? सर, तुम्ही माणूस हाव का मीटरची रिक्षा?”

अक्कांचा आवाज जाफराबादेतून थेट भोकरदनला पोचला असणार. मसाल्याच्या दुकानातल्या बरण्या थरथरल्या, मला तीन शिंका आल्या. त्या मिरचीने आल्या की भीतीने, हे अजून ठरलेलं नाही.

मी जालन्यात घरी बसून लोकांचे मजकूर तपासतो, सुधारतो. अक्कांचा जाफराबादेत मसाल्याचा छोटा कारखाना आणि त्याच्या पुढ्यात दुकान. रविवारी कृषी प्रदर्शनात त्यांचा स्टॉल होता आणि तिथे वाटायला सोळा पानांची पुस्तिका हवी होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मजकूर छापखान्यात गेला नाही, तर छापखानेवाला हात वर करणार होता. आज गुरुवार होता आणि अक्कांच्या न संपणाऱ्या बदलांना मी सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर पाठवलं होतं. त्यावर अक्कांचं एकच वाक्य आलं: “समोर येऊन सांगा.” म्हणून मी जीपमध्ये चौदा माणसं, दोन पोती आणि एका बोकडासोबत बसून आलो होतो. बोकडाला खिडकी मिळाली होती.

आता अक्कांच्या दुकानाची रीत सांगतो. तिथे चहाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी कप येतो, मग पुस्तिकेचा कच्चा प्रिंट आणि पेन. वाचून नुसतं ‘छान’ म्हणणं म्हणजे चहाचा अपमान. त्यामुळे प्रत्येक जण काहीतरी बदलून जायचा. अन् अक्का कुणाचं मन मोडायच्या नाहीत. प्रत्येक बदल तिथल्या तिथे मला बोलून पाठवायच्या. आठ दिवसांत माझा फोन इतका तापला की त्यावर पापड भाजून निघाला असता. निवृत्त गुरुजींनी काळ्या मसाल्याला ‘कृष्णवर्णी’ केलं. जीपवाल्या भाऊंनी ते परत काळं केलं. गुरुजींनी पुन्हा कृष्णवर्णी. असा तो मसाला सहा वेळा धुतला गेला.

“वाचा गुरुजी, मोठ्यानं वाचा,” अक्का म्हणाल्या. “चार माणसांत कळू द्या, काय लिहिलंय ते.”

गुरुजींनी अक्कांचा फोन हातात घेऊन चष्मा चढवला. “‘आदरणीय अक्का, नमस्कार. ठरलेल्या मानधनात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आहेत. फेरी म्हणजे सगळ्यांच्या सूचना एकत्र करून, एकाच माणसाने लिहून पाठवलेली एक यादी. हे मी सुरुवातीला फोनवर बोललो, लिहून दिलं नाही. ती चूक माझी. म्हणून आतापर्यंतचे सगळे बदल पहिल्याच फेरीत धरतो. दुसरी फेरी अजून शिल्लक आहे. तिसरीपासून दर फेरीला पाचशे रुपये. अगदी नवा मजकूर लिहायचा असेल, तर त्याचा खर्च आधी सांगेन; तुम्ही हो म्हणाल तरच लिहीन. माझ्याकडून राहिलेली चूक मात्र कधीही फुकट दुरुस्त करेन.’”

मग जीपवाले भाऊ म्हणाले, “एकच माणूस? मंग तो कोण?”

“वयानं मी,” गुरुजी म्हणाले.

“वयानं तर तो पिंपळ बी मोठा हाय गुरुजी! गिऱ्हाईक रोज कोण वाहून राह्यलंय? मी!”

पुढची दहा मिनिटं जी लढाई झाली, तिच्यापुढे पानिपत म्हणजे हळदीकुंकू. मी माझी पिशवी छातीशी धरून उभा.

अक्का मात्र फोनवरच्या उत्तरावर बोट ठेवून ते पुन्हा वाचत होत्या. “सर, दुसऱ्या फेरीला खर्चा न्हाई ना?”

“बिलकुल नाही.”

“अन् तिसरीला पाचशे. बराबर?”

“बराबर.”

त्यांनी पेन उचललं. “ऐका रे! दुसरी यादी माझी. आता ह्या घडीला मी लिहिणार. त्याच्यानंतर ज्याला काही सुचंल, त्यानं पाचशे रुपये गल्ल्यात टाकायचे अन् मंग तोंड उघडायचं.”

काय चमत्कार! इतकं शुद्ध, निर्दोष लेखन महाराष्ट्रात आजवर झालं नसेल, असं सगळ्यांना एकाच वेळी वाटू लागलं. जीपवाल्या भाऊंना गाडी भरल्याची आठवण झाली. गुरुजी म्हणाले, “तसं पाहिलं तर काळा हाही शब्द भारदस्तच आहे.”

अक्कांच्या यादीत चारच गोष्टी निघाल्या. मी तिथेच पोत्यावर बसून त्या केल्या, अक्कांची लेखी मंजुरी घेतली आणि शुक्रवारी दुपारी मजकूर छापखान्यात गेला. शनिवारी गठ्ठे जाफराबादेत.

सोमवारी छाती फुगवून मी फोन केला. “अक्का, पुस्तिका वाचून काय म्हणाले लोक?”

“वाचली न्हाई कुणी,” अक्का म्हणाल्या. “मसाला संपला.”