पूजेत पेंगणारे काका

आमचे वेणीमाधवकाका सोलापुरात भिक्षुकी करतात. वजन सव्वाशे किलोच्या पुढं, आवाज त्याहून भारी. पण गेल्या वर्षापासून ते पूजेतच पेंगायला लागले. मोडनिंबच्या मानसिंग पाटलांकडे संकल्प सांगता सांगता डोळे मिटले. पाटील ओंजळीत पाणी धरून बसलेले. पाणी बोटांतून गळून गेलं तरी पुढचा मंत्र येईना.

"गुरुजी समाधीत गेले की," पाटील म्हणाले. सगळे हसले. पण पुढच्या पूजेला दुसरे गुरुजी बघायचं त्यांच्या मनात आहे, हे कानावर आलंच. ते यजमानांचं घर काकांच्या वडिलांपासूनचं.

काका घोरायचे, सकाळी डोकं धरून उठायचे. शकुंतलाकाकूंनी बोटाला यंत्र लावलं, तर ऑक्सिजन कमी. शेजारी कोविडपासून ऑक्सिजनचं मशीन पडून होतं. काकूंनी ते आणून रात्रभर लावलं. आकडा छान वर गेला. काकू निर्धास्त झोपल्या. सकाळी मात्र काका हलवूनही नीट जागे होईनात, बोलणं असंबद्ध. तसंच दवाखान्यात नेलं.

छातीच्या डॉक्टर ज्ञानदाताईंनी मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. कार्बन डायऑक्साइड भलताच साठलेला.

"पण आकडा चांगला होता की," काकू पुटपुटल्या.

"बोटावरच्या यंत्राला फक्त ऑक्सिजन दिसतो, काकू. साठलेला वायू दिसत नाही."

मग त्यांनी समजावलं. नुसत्या स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घसा मिटतो, माणूस दचकून पुन्हा श्वास घेतो, पण दिवसा रक्तातले वायू ठीक असतात. काकांचा घसाही मिटत होता. पण मूळ दुखणं वेगळं. वजनाच्या ओझ्यानं छाती पुरती फुलत नव्हती, आणि साठलेल्या वायूची सवय झालेला मेंदू जोरात श्वास घे म्हणून सांगत नव्हता. म्हणून जागेपणीही वायू साठलेलाच. ऑक्सिजन कमी पडल्यामुळं श्वास घ्यायची जी उरलीसुरली घाई होती, तीही नुसत्या ऑक्सिजननं गेली. आता रात्री मास्कचं मशीन हवं: श्वास घेताना जास्त दाब देऊन हवा आत ढकलणारं, सोडताना दाब कमी करणारं, पण घसा उघडा राहील इतका ठेवणारं. त्यानं वायू बाहेर पडतो, दमलेले स्नायू विसावतात, मेंदूही हळूहळू ताळ्यावर येतो आणि दिवसाचा श्वास सुधारतो.

"मंत्र म्हणणाऱ्या तोंडाला मुसकं?" काका घरी आल्यावर कुरकुरले.

"पाटलांकडं दुसरे गुरुजी बसलेले चालतील?" काकूंनी विचारलं.

काकांनी मुकाट्यानं पट्टे आवळले. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, वायू बराच उतरला होता. वजनही उतरवायचं ठरलंय. शिऱ्याशी वाटाघाटी चालू आहेत.

श्रावणात पाटलांनी सत्यनारायणाला पुन्हा एकदा काकांनाच बोलावलं. पिशवी धरायला मी सोबत, कोपऱ्यात भिंतीला टेकून. संकल्प झाला, पाणी वेळेवर ताम्हनात पडलं. चौथ्या अध्यायाला काका अचानक थांबले. पाटलांनी धसकून वर बघितलं म्हणे.

"कोपऱ्यातल्या त्या समाधीला जरा हलवा," काका माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, आणि अध्याय पुढं सुरू झाला.