हरभऱ्याएवढा फुगवटा

ज्योत्स्नाबाईंच्या हाताखाली मी नर्स म्हणून लागले ते १९९६ साली. जुन्नरच्या बाजारपेठेमागे तेव्हा एक धर्मादाय दवाखाना होता, आता तो नाही. बाई तिथल्या मोठ्या नर्स, पेठ गावच्या, घरातली शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी आणि तोंडाने फटकळ. मी सुई उभी धरली की म्हणायच्या, "वृषाली, विहीर खणतेस का गं?"

टीबी अंगात शिरलाय का, हे पाहायचं इंजेक्शन त्यांनीच मला शिकवलं. हाताच्या आतल्या बाजूला, कातडीच्या वरच्या थरातच औषध राहायला हवं. सुईचं तिरकं तोंड वर करायचं आणि ती जवळजवळ आडवी सरकवायची. मग जागेवर हरभऱ्याएवढा पांढुरका फुगवटा येतो, मोसंबीच्या सालीसारखा. तो नाही आला तर औषध खाली गेलं. मग थोड्या अंतरावर किंवा दुसऱ्या हातावर पुन्हा टोचायचं. दोन-तीन दिवसांनी येऊन दाखवायचं. लाली मोजायची नाही, बोटाला कडक लागेल तेवढंच मोजायचं. हे सगळं बाईंना झोपेतही आलं असतं. म्हणून तर जे झालं ते मला आजही पटत नाही.

एका सोमवारी घाटघरची झुंबरबाई तीन वर्षांच्या रत्नाला घेऊन आली. नवऱ्याला, भिकाला, थुंकीत टीबी निघाला होता आणि पोरीला बारीक ताप होता. डॉक्टरांना शंका होती, म्हणून त्यांनी ही टेस्ट सांगितली. चारची घाटघरची एस.टी. गाठायची होती. रत्नाने रडून दवाखाना डोक्यावर घेतला. हात मी धरला होता, बाई टोचत होत्या, पण तिने ऐन वेळी हिसडा दिला आणि सुई उभी होऊन आत गेली. फुगवटा आलाच नाही.

बाईंनी दुसरी सिरिंज उचलली. झुंबरबाईने पोरीला पदराखाली घेतलं.

"पुन्यांदा नको वो बाई. लई रडली लेकरू. गाडी बी जाईल."

बाईंचा हात थांबला. त्या फटकळ बाईला नेमकी त्याच दिवशी दया आली. त्यांनी जागेभोवती पेनाने गोल काढला आणि म्हणाल्या, "बुधवारी ये." मी पाहिलं होतं. मी नवी होते, गप्प बसले.

बुधवारी झुंबरबाई वेळेवर आली. बाईंनी गोलात बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं, फुगवटा आला नव्हता हे मात्र लिहिलं नाही. डॉक्टरांनी शून्य वाचलं, टीबी नाही असं धरलं आणि तापाचं औषध देऊन घरी पाठवलं.

दीड महिन्याने रत्नाला झटके येऊ लागले. टीबी मेंदूच्या आवरणात गेला होता. पुण्याला नेली, पण सहाव्या दिवशी ती गेली.

बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुपोषित मुलांत नीट टोचूनही कधी शून्य येतं. आता कसं कळणार?" त्यांना धीर द्यायचा होता. पण बाईंना तेच खात राहिलं. त्यांचं बोलणं कमी झालं, आणि विहिरीवरून मला पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

दोन वर्षांनी झुंबरबाई धाकट्या मुलाला, आदेशला घेऊन आली. भिकाने गोळ्या मध्येच सोडल्या होत्या आणि खोकला परतला होता. मी सिरिंज घेतली तर ती म्हणाली, "न्हाई पोरी, ह्या बाईंनाच टोचू दे. लई हलका हात हाय त्यांचा. माज्या रत्नीला साधा फोडबी आला नव्हता."

बाईंनी माझ्या हातातून सिरिंज घेतली. त्यांनी सुई आडवी सरकवली. आदेशच्या हातावर फुगवटा वर आला. झुंबरबाई वाकून बघत राहिली.

"असा येतो व्हय?"

"असाच यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "रत्नाला पुन्हा टोचायला हवं होतं. मी टोचलं नाही."

मला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि मी सांगते, ते बरं झालं असतं. तिने आदेशचा हात हळूच सरळ केला.

"मीच पदराखाली घेतली तिला," ती म्हणाली. "मीच नको म्हनले."

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

तिसऱ्या दिवशी ती आली तेव्हा आदेशच्या हातावर कडक गाठ होती. बाईंनी दोनदा मोजली, चौदा मिलिमीटर. दहाच्या वर गेली की टीबी अंगात शिरलाय असं धरायचं. तपासण्या करून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि पोरगा वाचला. निघताना झुंबरबाईने त्या गाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तवा हे दिसलं असतं, तर तिलाबी ह्याच गोळ्या व्हत्या का?"

बाईंनी मान डोलावली. हो म्हणाल्या.