रुद्रम्माचा बुधवार

निजामाच्या अमलातली गोष्ट. सोनारीच्या जत्रेपायी पंधरवडाभर बंद ठेवलेला तेलघाणा उघडायला रुद्रम्मा भूमला परतली, तर दारात करडईच्या पोत्यांची ही रास! घाणा एक, बैल एक.

तिनं आधी विचारलं, "कुणाच्या घरात तेलाचा थेंब न्हाय?" त्यांची करडई थोडी थोडी पहिल्यांदा गाळली. बाकीच्यांना ज्याचा त्याचा वार सांगितला. "उद्या या" म्हणून माणसाला खेटे घालायला लावणं तिच्या रक्तातच नव्हतं.

देशमुखांचा गडी बलभीम तणतणला, "आमचं कवा?"

"बुधवारी. मधी सोमवार हाय, बसवण्णाचा वार. त्या दिवशी म्या बैल जुंपत न्हाय. आधीचा वार सांगितला तर खोटं हुईल."

देशमुखांच्या गड्यापुढं असं बोलायला छाती लागते! बलभीमानं पोतं उचललं नि पलीकडच्या घाण्यावर नेलं. तिथं "उद्या देतो" म्हणाले होते.

गुरुवारी तो तेच पोतं घेऊन परत आला. करडई जशीच्या तशी होती.

"तुमचा बुधवार म्या दुसऱ्याला दिला," रुद्रम्मा म्हणाली. "आता शनिवारी."

बलभीमानं पोतं टेकवलं. शनिवारी तो, तेल झालं का हे न विचारता, रिकामी घागर घेऊनच आला.