एकाच अर्जात दोन उमेदवार

आमच्या थोरल्या जाऊबाई बालवाडीच्या शिक्षिका. घरात, गल्लीत, भाजीवाल्याकडे, सगळीकडे त्या ‘बाई’. भावोजीसुद्धा त्यांना बाईच म्हणतात, आणि थोडेसे घाबरूनच म्हणतात. पहिल्या दिवशी आईच्या पदराला लटकून भोकाड पसरणारं पोर बाईंच्या हाती दिलं की थोड्या वेळात ते तिथे रंगीत ठोकळे रचत बसलेलं असतं. हे त्या कसं करतात ते मी अनेकदा विचारलं. “करते कुठे? त्यांचं रडून होतं,” एवढंच उत्तर.

भावोजींची परदेशी बदली झाली तेव्हा सगळ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं, आणि बाईंचा चेहरा पडला. “हे ऑफिसला जाणार, मी खिडकीत बसून रस्ता बघणार. मला नाही जमायचं,” त्या मला ओट्याशी म्हणाल्या. “नोकरी मिळाली तर जाईन. नाही तर यांनी एकट्यानं जावं, स्वयंपाक शिकावा.” भावोजी बाहेर पेपर वाचत होते. त्यांचा पेपर जरा खाली आला आणि पुन्हा वर गेला.

नशिबाने तिथल्या मराठी मंडळाने चालवलेल्या एका बालवाडीची जाहिरात सापडली. मुलांशी दोन्ही भाषांत बोलणारी शिक्षिका हवी होती. अर्जाचं पत्र मराठीत मागितलं होतं, कारण भाषा कशी आहे ते मंडळाच्या अध्यक्षांना बघायचं होतं. सीव्ही इंग्रजीत हवा होता, कारण बालवाडीच्या संचालिकेला मराठीचा गंध नव्हता. मी एका कंपनीत नोकरभरतीच्या खात्यात आहे. दिवसभर लोकांचे सीव्ही चाळते आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारते. त्यामुळे हे काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगते, मला आनंदच झाला.

बाईंनी कच्चा खर्डा आणला. सुरुवातीला जन्मतारीख, उंची, रक्तगट, पतीचे नाव व हुद्दा, अपत्ये दोन. कोपऱ्यात फोटो.

“बाई, ‘गृहकृत्यदक्ष’ राहिलं की,” मी म्हटलं. “तुम्हाला नोकरी हवीय की स्थळ?”

“मग काय लिहायचं? माणूस कोण ते कळायला नको?”

“काम कळायला हवं. तिथे वय, लग्न, फोटो यातलं काही मागितलेलं नाही. उगाच द्यायचं नाही.”

सगळं काढलं. नाव पासपोर्टवर आहे त्याच अक्षरांत लिहिलं. सध्याची नोकरी सगळ्यात वर, मग मागे मागे. पदविकेपुढे तो अभ्यासक्रम किती वर्षांचा हे लिहिलं, म्हणजे तिथल्यांना तोलता येईल. भावोजींच्या व्हिसावर जाऊनही बाईंना नोकरी करायची परवानगी मिळणार होती. ते नियम वाचून खात्री केली आणि एका ओळीत घातलं. संदर्भासाठी बाईंनी शाळेच्या मोठ्या बाईंचं, म्हणजे मुख्याध्यापिकेचं, नाव दिलं. त्यांना फोन करून रीतसर विचारलंही.

घोडं अडलं ते एका ओळीवर. मोठ्या बाई आजारी पडल्या होत्या तेव्हा दोन वर्षं शाळा आमच्या बाईंनीच चालवली होती. प्रवेश, पालकसभा, नव्या शिक्षिकांचं प्रशिक्षण, तपासणीला आलेले साहेब, सगळं. कागदावर मात्र कुठेच नाही.

“हे घालायचंच,” मी म्हटलं.

“मुळीच नाही. मोठ्या बाईंना काय वाटेल? त्या खुर्चीवर होत्या, आणि मी म्हणायचं शाळा मी चालवली?”

आमची जुंपली. शेवटी बाईंनी तोडगा काढला. इंग्रजीत लिही, तिथल्या संचालिकेला मोठ्या बाई कुठे माहीत आहेत! मराठी पत्रात नको, आपली माणसं, बोललेलं फिरत फिरत इकडे येतं. त्या पत्रात बाईंनी स्वतःच्या सुंदर, स्वच्छ मराठीत लिहिलं, ‘मोठ्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली पडेल ते काम केले.’ मला तेव्हा तो तोडगा हुशारीचाच वाटला. दोन्ही कागद एकाच टेबलावर जाणार आहेत हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आणि म्हणे मी भरती खात्यात!

मुलाखत व्हिडिओवर होती. बाई इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर ताठ बसल्या, मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी जमिनीवर. सगळं छान चाललं होतं. रडणाऱ्या मुलाचं काय करता, या प्रश्नावर बाईंनी अशी काही गोष्ट सांगितली की इंग्रजीत ऐकणारी संचालिका खळखळून हसली. मग अध्यक्ष चष्मा वर करत म्हणाले, “बाई, आमची एक अडचण आहे. आमच्याकडे एकाच अर्जात दोन उमेदवार आलेत. इंग्रजीतल्या बाईंनी दोन वर्षं शाळा चालवलीय. मराठीतल्या बाईंनी पडेल ते काम केलंय. यातल्या कोणाला बोलावलंय आम्ही?”

बाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, “इंग्रजीतलं खरं आहे. मराठीतलं का तसं लिहिलं, ते सांगायला मला एका माणसाची परवानगी लागेल.”

“हरकत नाही. आम्ही तुमच्या मुख्याध्यापिकांना विचारणारच आहोत,” अध्यक्ष म्हणाले.

लॅपटॉप बंद झाला आणि बाईंनी डोकं धरलं. नोकरी गेली तर गेली, पण मोठ्या बाईंना हे परक्या माणसाकडून कळणार! त्या तशाच, मुलाखतीच्या साडीसकट, चपला घालून निघाल्या. मी मागे.

मोठ्या बाई गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. आमच्या बाईंनी दारातूनच सगळं सांगून टाकलं, शाळेतलं पोर चूक कबूल करतं तसं, खाली बघत. मोठ्या बाईंनी झारी खाली ठेवली.

“म्हणजे मला वाईट वाटेल म्हणून तू स्वतःला पुसून टाकलंस?”

“तसं नाही हो…”

“तसंच आहे. अगं वेडे, मी तर सगळ्या जगाला सांगत असते! तुझ्यासमोर बोलत नाही, तू लाजून पळतेस म्हणून.” मग माझ्याकडे वळल्या. “आणि तू गं? एवढी शिकलेली, हिचं ऐकलंसच कसं? बसा आता. चहा पिऊन जा.”

बालवाडीकडून विचारणा आली तेव्हा मोठ्या बाईंनी उत्तर दोन्ही भाषांत पाठवलं. त्यात अध्यक्षांना त्यांनी पुढचे मागचे सगळे बारकावे कळवले. आम्ही काही ते उत्तर पाहिलं नाही. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा भावोजींनी बाईंना सगळ्यांदेखत उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून सोफ्यावर बसले. घरात नुसता गोंधळ. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या गडबडीत बाई निवडीचं पत्र वाचता वाचता मध्येच थांबल्या. माझ्या हातात दिलं. “तू वाच. मला अक्षरं दिसेनात.”

शेवटी अध्यक्षांनी आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘तुमच्या मुख्याध्यापिका लिहितात: दोन वर्षे शाळा हिनेच चालवली. पण रोज संध्याकाळी माझ्या खाटेशी येऊन, उद्या काय करू, असे विचारायची. मी बरी झाले ती त्यामुळे.’

बाई चक्क हुंदके देऊन रडायला लागल्या. भावोजी घाबरले. मी म्हटलं, “राहू द्या. त्यांचं रडून होऊ दे.”