झुंबरबाईंची अर्धी जोखीम

खामगाव मागे पडून बराच वेळ झाला होता. शेगावच्या रस्त्यावर एका लिंबाखाली झुंबरबाई थांबल्या, वहाण काढून झटकली आणि मला म्हणाल्या, "मास्तरीण, तू सांग. सहाशाचं जळालं. कागद हजाराचा. मंग तीनशेच काऊन?"

मी त्यांना हे दोनदा समजावलं होतं. कळलं नव्हतं असंही नाही. विचारायच्या थांबत नव्हत्या, एवढंच. शेगावला दर्शनाला पायी जायचा नवस त्यांनी शेडला आग लागली त्या दिवशीच बोलला होता आणि सोबतीला मला घेतलं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवते, त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहते.

झुंबरबाई मूळच्या जानेफळच्या. नवरा खामगावच्या बाजारात हमाली करायचा. तो गेला तेव्हा त्यांच्याजवळ एक दाभण आणि सुतळीचा गुंडा होता, असं त्या सांगत. धान्याच्या व्यापाऱ्यांकडची फाटकी पोती आणून त्या ठिगळं लावून द्यायच्या. पुढे खेड्यापाड्यांतून जुनी पोती विकत घेऊ लागल्या, शिवायला बाया बसवल्या, नवऱ्याच्या वडिलोपार्जित जागेवर टिनाची शेड घातली. बाजारात बारदाना म्हटला की झुंबरबाईंचं नाव निघे. "माझ्या ठिगळातून दाना गळला तर पैसे वापस," असं त्या व्यापाऱ्याला तोंडावर सांगत, आणि तसा प्रसंग मी तरी ऐकला नाही.

जागा मात्र धाकट्या दिराच्या, हिंमतरावांच्या सामाईकीची. बाईमाणसानं बाजारात बसावं हे त्यांना कधीच रुचलं नाही. एकदा भावकीच्या बैठकीत ठरलं, की झुंबरबाई स्वतःच्या हिमतीवर माल भरतात तोवर दिरानं मधे पडायचं नाही. एका हंगामाला जरी शेड रिकामी राहिली, तर धंदा दिराच्या नावानं चालेल. झुंबरबाईंनी त्यावर हसून मान डोलावली होती. शेड कशाला रिकामी राहते?

विमा त्यांनी नीळकंठ नावाच्या एजंटाकडून उतरवला. तेव्हा माल हजाराचा होता, कागदही हजाराचा झाला. त्याच साली तिकडे विलायतेत लढाई सुरू झाली. वाळूची पोती लागतात म्हणून तागाचा भाव असा चढला, की नवी पोती मिळेनात आणि जुन्यांना दुप्पट दाम आला. शेडमधला तोच माल दोन हजारांचा झाला. नीळकंठ दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, रक्कम वाढवून घ्या. झुंबरबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्यांचा हिशेब असा होता: दारात विहीर आहे, दिवसभर बाया बसलेल्या असतात, लागली आग तरी अर्ध्याच्या वर काही जळत नाही. मग अर्ध्याचा विमा पुरे. जास्तीचा हप्ता कशाला भरा? मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं.

आग माघात भर दुपारी लागली. कुणा गाडीवानाची बिडी. आणि झालंही अगदी त्या म्हणाल्या होत्या तसंच. बायांनी विहिरीचं पाणी मारलं, धुरात शिरून पोती ओढून काढली. सोजराबाई नावाची शिवणारी शेवटची थप्पी काढायला आत गेली आणि तिचे दोन्ही हात भाजले. पण मालाचा मोठा वाटा वाचला. सहाशे रुपयांची पोती जळाली, बाकी चौदाशेची अंगणात रचली.

नुकसान मोजायला अकोल्याहून कंपनीचा सर्वेअर यायचा होता. आदल्या दिवशी हिंमतराव येऊन म्हणाले, "वहिनी, वाचलेल्यातला अर्धा माल गाड्या भरून जानेफळले धाडा. साहेबाले कायले दिसू द्याचा?"

"काऊन? चोरीचा हाय काय?" झुंबरबाई म्हणाल्या. जितकं वाचलं तितकं कंपनीचं नुकसान कमी, साहेब खूश होईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी सर्वेअरला हाताला धरल्यासारखं थप्प्यांपाशी नेलं, एकेक मोजून दिली. त्यानं जळाल्याची राख पाहिली, वाचलेलं पाहिलं, आगीच्या दिवशीचा बाजारभाव लावून जळालेला नि वाचलेला मिळून माल दोन हजारांचा ठरवला आणि तीनशे रुपये सांगितले.

झुंबरबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

माणूस काही वाईट नव्हता. ओट्यावर बसून शांतपणे सांगत होता, "बाई, माल दोन हजारांचा आणि विमा हजाराचा. म्हणजे अर्धी जोखीम कंपनीनं घेतली आणि अर्धी तुम्ही स्वतः. कागदात सरासरीचं कलम आहे. जेवढं जळेल त्यातलं अर्धं कंपनीचं, अर्धं तुमचं."

"पन मी हजार कुठी मागतो? सहाशेच तं मागून राह्यली. हजारातून सहाशे द्याले काय होते?"

"ते हजार सगळ्या पोत्यांवर सारखे पसरलेले आहेत. जी जळाली त्यांच्यावरही, जी वाचली त्यांच्यावरही. तुम्ही मनात धरलं होतं की जे जळेल तेच विम्याचं. तसं नसतं, बाई."

"मंग माह्या अर्ध्याचे पैसे कोन देते?"

"त्या अर्ध्याची कंपनी तुम्हीच," तो म्हणाला. जाता जाता धीर द्यावा म्हणून बोलला, की जळालेल्या पोत्यांची मूळ खरेदी तीनशेचीच होती, ती तर हाती आली. ते खरं होतं. पण त्या तीनशेत आता निम्मीच पोती येत होती. आणि ते तीनशे नि वाचलेल्या पोत्यांचे पैसे मिळून व्यापाऱ्यांची उसनवारी, हमालांची, बायांची मजुरी आणि शेडचे नवे टिन एवढंच भागलं. गहू-हरभऱ्याचा हंगाम आला तेव्हा शेड रिकामी होती.

हिंमतरावांनी चौकात सांगितलं, "आमच्या वहिनीनं कंपनीले माल मोजून देल्ला. उजवनीच्या जेवनाले बोलावल्यासारखं." लोक हसले. पाडव्याला शेडवर त्यांच्या नावाची पाटी लागली. झुंबरबाई त्याच शेडमध्ये दाभण घेऊन बायांच्या रांगेत बसल्या.

मी लिंबाखाली त्यांना पुन्हा सांगितलं, की सगळं जळालं असतं तर कागदाचे हजार मिळाले असते खरे, पण वाचलेला चौदाशेचा मालही गेला असता. बायांनी वाचवलं ते वायाच गेलं असं नाही.

"हे मले कळते," त्या म्हणाल्या. "सोजराले कसं कळन?"

सोजराबाईची बोटं आखडून गेली होती, दाभण धरता येत नव्हतं. रोज संध्याकाळी ती झुंबरबाईंच्या ओट्यावर येऊन विचारायची, कंपनीनं पुरे देल्ले ना? आणि झुंबरबाई दुसरंच काही बोलायच्या. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की वाचलेला माल दाखवला म्हणून पैसे तुटले. तेव्हापासून ती आपल्या हातांकडे पाहत बसते.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. शेगावची झाडी दिसू लागली. मी पदर डोक्यावर घेतला. झुंबरबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "माह्यं सोजरा आता ऐकत नाई. तू शाळेतली, तुह्यं खरं वाटीन तिले. वापस गेलो की तिच्या घरी जाजो आन् म्हनजो, कंपनीनं पुरे सहाशे देल्ले. म्हाताऱ्या झाल्या म्हनून झुंबरबाईनंच धंदा दिराले देल्ला, म्हनजो. सांगशीन ना? दर्शनाच्या अगुदर हो म्हन."