प्रोफाइल पाहून गेलेला मॅनेजर

वरणगावच्या दारूगोळा कारखान्याच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झाल्यावर मी कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या जिनिंगवाल्यांना आगीपासून बचावाचा सल्ला देऊ लागलो आणि नोकरी-व्यवसायाच्या एका साइटवर प्रोफाइल टाकलं. ते कोण पाहून गेलं हे तिथं दिसतं. अमळनेरकडच्या एका जिनिंगच्या मॅनेजरनं ते आठवड्यात तीनदा पाहिलं, पण लिहिलं काहीच नाही.

मी मजकूर तयार केला, "तुम्ही माझं प्रोफाइल तीनदा पाहिलंत. काही सेवा हवी आहे का?"

मुलगी वाचून म्हणाली, "आबा, हे खिडकीतून डोकावणाऱ्याला हटकल्यासारखं वाटतं. वर लगेच दुकानही मांडलंत."

ते खोडून मी लिहिलं, "नमस्कार. तुम्ही जिनिंगमध्ये आहात, माझाही संबंध त्याच कामाशी. गाठींबद्दल कधी शंका आली तर विचारा. उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "एक गाठ दोन दिवस गरम लागतेय. करपल्याचा वास येतो. मालक म्हणतात, कुणाला सांगू नको."

कापसाची गाठ आतल्या आत दिवसेंदिवस धुमसते आणि बांधलेल्या पट्ट्या तोडल्या की हवा लागून भडकते. मी लिहिलं, "गोडाऊनमध्ये उघडू नका. आधी अग्निशमन दलाला बोलवा. ते आल्यावरच ती मोकळ्या जागी काढा."

संध्याकाळी निरोप आला. बाहेर उघडताच गाठ पेटली होती, पण गोडाऊन वाचलं होतं. खाली त्यानं लिहिलं होतं, "याच लॉटच्या बाकीच्या गाठी काल ट्रकनं धुळ्याच्या सूतगिरणीला गेल्यात. ड्रायव्हर फोन उचलत नाही."

मी धुळ्याच्या त्या गिरणीचा नंबर मागितला.