उत्तरांची फाइल आणि माझा एंटर

माळव्यातल्या, सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात पाइपांचे जोड बनतात. मी मात्र आयुष्यात एकही जोड बनवलेला नाही. मी सर्व्हर उभे करतो. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते असं घरात सांगतात. घोड्यावर बसून तलवार चालवायचे म्हणे. त्यांचा हा वंशज एसीच्या थंडीत मफलर गुंडाळून बसतो आणि कीबोर्ड चालवतो. बायको म्हणते, "घराण्याची रग मात्र तेवढीच शाबूत आहे."

तर ती रग कशी जिरली, ते सांगतो.

कोऱ्या मशीनवर लिनक्स चढवायचं म्हणजे काय, तर एका फार चौकस पाहुण्याला उत्तरं देत बसायचं. भाषा कुठली? देश कुठला? कीबोर्ड कसा? मशीनचं नाव काय? पासवर्ड? डिस्कचे तुकडे कसे पाडू? एक प्रश्न संपला की दुसरा. मी ती उत्तरं इतकी वर्षं देत आलो की पडद्याकडे न बघता बोटं चालायची. नवा माणूस मागे उभा असला तर जरा जास्तच न बघता. ऑफिसात मला सगळे भिया, म्हणजे दादा, म्हणतात. म्हणायचे, "भियाच्या हातचा सर्व्हर है, पडणार नाही." हे ऐकून मी मान खाली घालून, अगदी विनयाने, पुन्हा एकदा ऐकू येईल एवढा वेळ तिथेच रेंगाळायचो.

आणि एक रिवाज होता. मालकांच्या आईंना आम्ही सगळे माताजी म्हणतो. कारखान्यात कुठलंही नवं यंत्र आलं की त्या थाळी घेऊन येतात, कुंकू लावतात, आणि ज्याने ते बसवलं त्याच्याच हाताने पहिलं बटण दाबून घेतात. सर्व्हरला पहिलं बटण असं काही नसतं. मग मी शोधून काढलं होतं: सगळं चढवून झालं की 'इन्स्टॉलेशन पूर्ण झालं' असा पडदा येतो आणि 'पुढे चला' म्हणून थांबतो. एंटर दाबला की मशीन रीस्टार्ट होऊन कामाला लागतं. तो पडदा आला की मी माताजींना निरोप धाडायचो. त्या यायच्या, सर्व्हरच्या कपाळाला, म्हणजे जिथे कपाळ असावं असं त्यांना वाटेल तिथे, टिळा लावायच्या आणि मला म्हणायच्या, "दबा दे बेटा." मी दाबायचो. टाळ्या, पेढा. माझ्या नोकरीत टाळ्या पडण्याचा तेवढाच एक प्रसंग.

गेल्या वर्षी ऑफिसात ती आली. अन्नपूर्णा भागात राहणारी, आपल्याकडलीच मराठी मुलगी, तिशीची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "नमस्कार काका."

घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं.

"मग काय भिया म्हणायला हवं होतं?" बायको म्हणाली. "केस बघा आरशात."

उज्जैन, देवास, धार अशा ठिकाणच्या आमच्या गोदामांत नवे सर्व्हर बसवायचे ठरले, तेव्हा मी मनात बॅग भरायला घेतली. गावोगाव जाईन, प्रश्नांची उत्तरं देईन, लोक मागे उभे राहतील. मीटिंगमध्ये ती शांतपणे म्हणाली, "सर, कोणाला जायला नको. उत्तरांची फाइल करते. प्रीसीड."

तिचं म्हणणं असं: इन्स्टॉलर जे जे विचारतो त्याची उत्तरं एका साध्या फाइलीत ओळीओळीने आधीच लिहून ठेवायची. फाइल आपल्या इथल्या सर्व्हरवर राहील. गोदामात फक्त एक पेनड्राइव्ह पाठवायचा. तिथल्या माणसाने तो लावायचा, मशीन चालू करायचं, मेनूतली पहिली ओळ निवडायची आणि चहा प्यायला जायचं. मशीन नेटवरून फाइल खेचेल आणि स्वतःच स्वतःला उत्तरं देईल.

"वा!" आमचे मॅनेजर म्हणाले. "भियाजी, ये तो बढ़िया है!"

"बढ़िया," मी म्हणालो. मनात भरलेली बॅग मनातच रिकामी केली.

पहिल्या चाचणीला मी तिच्या मागे उभा राहिलो. मदतीला, असं मी सांगितलं. खरं म्हणजे देवाकडे एकच मागणं होतं: अडकू दे. आणि अडकलं! मशीनने सरळ विचारलं, भाषा कुठली? मला इतका आनंद झाला की मी खोकलो.

"अच्छा," ती स्वतःशीच म्हणाली. "फाइल नेटवरून येणार, आणि नेट सुरू व्हायच्या आधीच हा भाषा विचारतो. उत्तर पोचायच्या आत प्रश्न." मशीन सुरू होतानाच्या, म्हणजे बूटच्या ओळीत तिने 'ऑटो' आणि 'फक्त अत्यावश्यकच विचार' अशा दोन सूचना वाढवल्या. आता मशीन आधी फाइल आणायचं आणि मग प्रश्नांकडे वळायचं. पाठोपाठ पडदे सरकत गेले. माझी इतक्या वर्षांची बोटं खिशात होती.

मी शेवटचा बाण काढला. "पेनड्राइव्हवरून चालवणार ना? मग एखादं मशीन पेनड्राइव्हलाच पहिली डिस्क समजेल. फाइलीत पहिल्या डिस्कचं नाव लिहिलंय तू."

ती खुर्चीतून वळली. "अरे हो! काका, बरं झालं सांगितलंत." पेनड्राइव्ह वगळून खरी डिस्क शोधणारी छोटीशी आज्ञा तिने फाइलीत घातली, आणि संध्याकाळच्या मेलमध्ये सगळ्यांना लिहिलं की ही चूक काकांनी पकडली. कौतुक केलं हो माझं. त्याने तर आणखीच जळलो. निदान तिने श्रेय तरी लाटायचं होतं, म्हणजे मला रीतसर राग धरता आला असता.

खरा घाव पुढे होता. कारखान्यातही नवे मुख्य सर्व्हर बसवायचे होते; त्यांतला पहिला चढत होता, मी माताजींना निरोप धाडला, त्या थाळी घेऊन जिना चढल्या, आणि दारात येईपर्यंत मशीन आपलंआपण रीस्टार्ट होऊन लॉगिन मागत बसलं होतं. शेवटच्या पडद्यावर थांबू नकोस, अशीही एक ओळ फाइलीत होती.

"बटन?" माताजींनी विचारलं.

"हो गया, माताजी," मी म्हणालो.

"किसने दबाया?"

दाबलं कोणीच नव्हतं. माताजींनी मशीनला टिळा लावला, थाळीतला पेढा तसाच ठेवला आणि परत गेल्या. मी दुपारभर कीबोर्ड बडवत बसलो. घरी बायको म्हणाली, "अहो, एका बटणासाठी?" मी म्हणालो, प्रश्न बटणाचा नाही. मग कशाचा, हे तिने विचारलं तेव्हा मी टीव्ही मोठा केला.

दुसऱ्या सर्व्हरच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "काका, माताजींसाठी ती शेवटची ओळ काढून ठेवू का? म्हणजे मशीन तिथे थांबेल. एंटर तुम्ही दाबा."

"तुला योग्य वाटेल तसं," मी म्हणालो. एवढ्या तुटकपणे, की संस्थानच्या दिवाणाला शोभावं.

तिने ओळ काढली. मशीन थांबलं. माताजी आल्या, "दबा दे बेटा" म्हणाल्या, मी दाबला. टाळ्या पडल्या. मी दोन पेढे खाल्ले, एक तिच्या वाटचा. आणि ती ओळ परत घालायची, हे तिच्याही लक्षात राहिलं नाही आणि माझ्याही.

पेनड्राइव्ह आधीच गोदामांत पोचले होते. फाइल मात्र दर वेळी आमच्याकडूनच खेचली जायची, म्हणजे आज जी असेल ती. त्या संध्याकाळी गोदामांच्या लोकांनी सांगितल्याप्रमाणे मशीन चालू केली, पहिली ओळ निवडली, आणि चहाला कशाला, सरळ घरी गेले. सकाळी ट्रक दारात उभे, आणि बिलं निघेनात.

पहिला फोन देवासहून माझ्याकडे आला. "भिया, स्क्रीन पे कुछ लिखा है, कंटिन्यू-फंटिन्यू."

मला क्षणात उमगलं. आणि खरं सांगतो, काळजी वाटायच्या आधी गोड वाटलं. "घाबरू नका," मी डॉक्टरांच्या आवाजात म्हणालो. "पेनड्राइव्ह काढा. काढला? आता एंटर दाबा."

"अरे वा भिया! चल पड़ा!"

मग धार. मग उज्जैन. मी खुर्ची मागे झुकवून एकेकाला एंटर दाबायला लावत होतो. सगळा माळवा माझ्या एका बोटावर उभा होता. पलीकडे ती पांढरीफटक होऊन फाइल उघडून बसली होती, ते मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

मॅनेजरांनी बोलावलं. "ये हुआ कैसे?"

मनात म्हटलं, आता ती म्हणणार, काकांच्या टाळ्यांसाठी ओळ काढली होती. तिच्या जागी मी म्हणालो असतो. बचावाची सभ्य वाक्यं जुळवून तयार ठेवली.

"सर, ओळ मीच काढली," ती म्हणाली. "गोदामांची फाइल वेगळी ठेवायला हवी होती. नाही ठेवली. माझी चूक."

माझं नावही नाही घेतलं. मॅनेजर म्हणाले, "ऐसा ऑफिस में कौन बोलता है! शाबास."

झालं. चूक करायचीसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगली येते. माझ्या इतक्या वर्षांत शाबास मिळेल अशी एक चूक मला जमली नव्हती.

"ओळ काढण्यात माझाही हात होता," मी म्हणालो. उशीर झाला होता. मॅनेजर म्हणाले, "तो भियाजी, आप ही वापस डालिए. ये चेक कर लेगी."

मी तिच्या शेजारी बसलो. फाइल पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचली. माझेच प्रश्न, माझीच उत्तरं. डिस्कचे तुकडेसुद्धा मी पाडायचो तसेच; नोंदींचे लॉग भरले तर बाकी मशीन अडू नये म्हणून 'व्हार' हा त्यांचा तुकडा वेगळा.

"हे कुठून घेतलंस?"

"तुमच्या जुन्या सर्व्हरवरून. इन्स्टॉलर दिलेली उत्तरं मशीनवर जपून ठेवतो, ती काढता येतात. सगळ्यात नीट तुमचीच होती, काका."

मी कीबोर्ड पुढ्यात ओढला. थांबू नकोस, विचारू नकोस, रीस्टार्ट हो, अशा अर्थाची ती ओळ मी स्वतःच्या हाताने टाइप केली. तिने तपासली. बरोबर होती.

तिसऱ्या सर्व्हरला माताजी पुन्हा आल्या. या वेळी मी जिन्यातच गाठून सांगितलं, "माताजी, अब ये पूछती नहीं. खुद ही चलती है."

"तो बनाई किसने?"

मी बोट दाखवलं. माताजींनी टिळा मशीनला लावला, मग तिच्या कपाळाला, आणि पेढा तिच्या हातावर ठेवला. ती लाजली. टाळ्यांना सुरुवात मीच केली. जरा जास्तच जोरात वाजवल्या असाव्यात, कारण मॅनेजर वळून बघायला लागले.

घरी बायकोने विचारलं, "आज पेढा नाही आणला?"

"नाही मिळाला," मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.